वगळलेली अकरा पानं

यशोधराबाई, तुमच्याबद्दल लिहायला घेतलं की पहिली आठवते ती तुमची लाल-हिरवी पेन्सिल. रागावू नका, शेजारच्या घरातून जसं पाहिलं तसंच सांगते.

बदलापूर गावात घराच्या पुढच्या खोलीत यशोधराबाई बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या हातच्या नोट्सवर तीस वर्षं पोरं पास झाली. यंदा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला. मदतीला येणारी राजसी, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, जुनी-नवी यादी शेजारी ठेवून अर्ध्या तासात उठली.

"मॅडम, सात टॉपिक नवे, सहा गेले. सगळंच नव्यानं टाईप करू?"

"मथळे जुळवलेस की मजकूर वाचलास?"

राजसीनं मथळेच जुळवले होते. बाईंनी स्वतः ओळ न् ओळ पाहिली. 'बेरोजगारीचे प्रकार' गेलं नव्हतं, तिसऱ्या घटकात 'श्रमबाजार' या नव्या नावाखाली बसलं होतं. आणखी तीन टॉपिकही असेच जागा बदलून किंवा नाव बदलून आले होते. त्यांच्यापुढे बाईंनी नुसता बाण काढला. खरे नवे तीन निघाले, त्यांना हिरवी खूण. खरे गेलेले दोन, त्यांना लाल.

"बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. नवी पानं ४६-अ, ४६-ब अशी मध्ये घातली, म्हणजे पुढचे आकडे हलले नाहीत. गेलेले दोन्ही टॉपिक व्यापारचक्राचेच, त्यांची ५८ ते ६८ पानं काढली आणि अनुक्रमणिकेत तसं लिहिलं. काढलेली पानं राजसीनं रद्दीत दिली. बाईंनी पाहिलं, पण अडवलं नाही. चूक त्यांचीही होतीच.

आठवड्यानं खरवईची प्राची आली. "मॅडम, माझी एटीकेटी आहे. माझा पेपर जुन्याच अभ्यासक्रमाचा. व्यापारचक्राच्या नोट्स द्या ना. हा शेवटचा चान्स आहे, नंतर जुना पेपरच बंद."

राजसीचं तोंड उतरलं. "मला वाटलं, गेलं म्हणजे गेलं."

"अभ्यासक्रमातून गेलं गं, या पोरीच्या परीक्षेतून नाही!"

जुनी मूळ प्रत शेजारच्या शहरातल्या कॅम्प एकमध्ये झेरॉक्सवाल्या धर्मेशकडे होती. तो सांगून सांगून दमला होता, "बाई, आपका गठ्ठा ले जाओ." पेपर चार दिवसांवर. ती आणायची कोणी, हे ठरलं होतं. तरी दोन दिवस गठ्ठा आला नाही, तेव्हा बाईंनी वाट पाहणं सोडलं. चष्मा चढवून बसल्या, तेजी, मंदी, पुनरुत्थान, आकृत्यांसकट अकरा पानं आठवून लिहून काढली. वरती आकडे तेच, ५८ ते ६८.

प्राची एकोणपन्नास मार्क मिळवून सुटली. पेढे घेऊन आली तेव्हा बाईंनी आधी ती पानं परत मागितली आणि फायलीला लावून वर लिहिलं : 'फक्त जुन्या पेपरसाठी. टाकू नये.'

आणि बाई, तो गठ्ठा "मी आणते, त्या बाजूला जायचंच आहे" असं तुम्हाला सांगणारी मीच. धर्मेशच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी तेव्हा गेलेच नाही, आणि तो गठ्ठाही आता तिथे नाही.