एकतिसाव्या घावाचा आकडा

आमच्या गेम कंपनीत पडद्यावरची बटणं आणि आकडे करणाऱ्या ताईला सगळे मिरची म्हणतात. उगाच नाही म्हणत. गेममध्ये शत्रूला घाव बसला की किती इजा झाली ते दाखवणारा, तिने केलेला आकडा झटकन उसळतो, वर जाताना मंदावतो, जरा डावी-उजवीकडे भरकटतो आणि विरून जातो. दर घावाला नवा आकडा घडवला तर गेम अडखळतो, म्हणून तिने तीसच घडवून ठेवले होते. विरलेला आकडा पुढच्या घावाला परत वापरायचा.

आज सकाळी तीस घावांनंतर एकही आकडा दिसेना. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "तुझ्या काटकसरीने वाट लावली!" दुपारपर्यंत तेच तुणतुणं. माझंही डोकं तडकलं.

मिरचीने कोड उघडला. विरून पारदर्शक झालेल्या आकड्याला परत वापरण्याआधी ठळक करणारी ओळच कोणीतरी काढली होती. आकडे उडत होते, पण अदृश्य. शेजारी शेरा होता, "नव्या आकड्याला याची गरज नाही." खाली नाव साहेबांचं.

साहेब खाकरले. "जाऊ दे, चूक कोणाची ते महत्त्वाचं नाही."

"सकाळपासून माझी होती," मिरची कडाडली, "तेव्हा बरी महत्त्वाची होती!"