शून्य आणि चौदा

धाकट्या भावाच्या हस्ताक्षरातला एक कच्चा खर्डा माझ्याकडे आहे. त्याच्या मधल्या परिच्छेदावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ आहे. ती मी मारलेली आहे. आयुष्यभर मी इतरांच्या चुकांविरुद्ध पत्रे लिहिली: नगरपालिकेला, वीज मंडळाला, कारखान्यांच्या निरीक्षकांना. ही चूक माझी असल्यामुळे तिच्याविरुद्ध कोणाला लिहावे, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. आम्ही दोघे भाऊ बदलापूरला कुळगावात एकत्र राहत होतो. मी उल्हासनगरच्या एका वकिलांकडे कारकून होतो, आणि तो रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट. मी रोज कोणाला ना कोणाला नोटीस पाठवतो, याची तो थट्टा करी. ‘‘दादा, तू निवृत्त झालास की पोस्टाचं एक खातं बंद करावं लागेल,’’ म्हणे.

एका शुक्रवारी दुपारी त्याच्या मॅनेजरने त्याला विचारले की रिअ‍ॅक्टरमध्ये उरलेले अ‍ॅसिटिक अनहायड्राइड पाणी घालून अ‍ॅसिडमध्ये बदलायचे आहे, तर उष्णता किती निघेल? रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी खेळवावे लागेल का? उत्तर तासाभरात हवे होते. हाताशी फक्त कॉलेजच्या पुस्तकातले सरासरी बंध-ऊर्जांचे, म्हणजे अणूंमधला एकेक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे, कोष्टक होते. त्यावरून त्याने हिशेब केला. अनहायड्राइडमधला कार्बन-ऑक्सिजनचा एक बंध तुटतो, पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक तुटतो, आणि अ‍ॅसिड होताना त्याच दोन जातींचे बंध पुन्हा जुळतात. वजाबाकी शून्य. त्याने चिठ्ठीवर शून्य लिहिले आणि खाली एक ओळ घातली: ‘अंदाज ढोबळ आहे, हीट ऑफ फॉर्मेशनच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याखेरीज वापरू नये.’

शनिवारी तो उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसला. तिथे अनहायड्राइड, पाणी आणि अ‍ॅसिड या तिन्ही द्रवांच्या मूलद्रव्यांपासून होणाऱ्या घडणीची, म्हणजे निर्मितीची, मोजलेली उष्णता सापडली. तिच्यावरून उत्तर आले ते दर मोलला सुमारे चौदा किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, असे. सोमवारी सकाळी त्याने दुसरी चिठ्ठी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली: जॅकेट चालू ठेवा, पाणी थोडे थोडे घाला. कार्बन प्रत स्वतःकडे ठेवली. पोच घेतली नाही.

त्याच दुपारी रिअ‍ॅक्टरमध्ये सगळे पाणी एकदम सोडले गेले. जॅकेट बंद होते. काही वेळ काहीच झाले नाही, आणि मग आतला द्रव उकळून झाकणातून उसळला. ऑपरेटरची मान आणि उजवा हात भाजला. तो वाचला, पण त्या हाताची बोटे पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत.

आठवड्याभरात भावाला आरोपपत्र मिळाले: उष्णता शून्य असल्याचे निष्काळजीपणे प्रमाणित केले. दुसरी चिठ्ठी मिळालीच नाही, असे मॅनेजरने लेखी दिले. नोकरी जाणार होती, आणि तिच्याबरोबर एका माणसाला भाजवल्याचा ठपका कायमचा लागणार होता.

‘‘पोच का घेतली नाहीस?’’ मी विचारले.

‘‘दादा, रोज ज्याच्याबरोबर चहा पितो त्याच्याकडून पोच कशी मागू?’’

त्याने उत्तराचा खर्डा लिहून माझ्यापुढे ठेवला. मधल्या परिच्छेदात दोन्ही आकडे होते आणि ते वेगळे का, याचा खुलासा. मी वाचला आणि टेबलावर टिचकी मारली.

‘‘दोन्हींतला खरा कोणता?’’

‘‘खरी उष्णता चौदा. पण पहिलं गणितही चुकलेलं नाही.’’

‘‘एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर? चौकशी अधिकारी हसेल तुला.’’

‘‘अरे, कोष्टकातला आकडा सरासरी असतो. एकाच जातीचा बंध पुष्कळ रेणूंमध्ये पाहायचा आणि मधला आकडा घ्यायचा. कोष्टकाला अनहायड्राइडमधला कार्बन-ऑक्सिजन आणि अ‍ॅसिडमधला कार्बन-ऑक्सिजन एकच. खऱ्या रेणूत शेजार बदलला की बंधाचा जोरही बदलतो. शिवाय तो हिशेब वायुरूप रेणूंचा, आपल्याकडे द्रव. सरासरी उंची पाहून दार केलं म्हणून एखाद्याचं डोकं आपटायचं राहतं का?’’

मला ते समजले होते. हे मी स्पष्ट लिहितो, कारण न समजल्याची सबब मला उपलब्ध नाही. समजूनही मी म्हणालो की कायद्याला दार आणि डोकी चालत नाहीत. दोन विसंगत विधाने करणाऱ्याची दोन्ही विधाने संशयास्पद ठरतात. मी लाल पेन्सिलीने परिच्छेद काढला आणि त्याजागी एक वाक्य घातले: ‘पहिल्या टिपणीत अनवधानाने आकडेमोडीची चूक झाली होती, ती दुसऱ्या टिपणीत वेळेवर दुरुस्त करण्यात आली.’ आकडेमोडीची चूक हा कायद्यातला सर्वांत सौम्य दोष. मला तो शब्दप्रयोग सुंदर वाटला होता.

‘‘पण चूक नव्हतीच, दादा.’’

‘‘सही कर,’’ मी म्हणालो. त्याने केली. वडील गेल्यापासून त्याच्या फीचे, प्रवेशाचे, नोकरीचे सगळे अर्ज मीच लिहीत आलो होतो.

चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून मी शेजारी बसलो होतो. चौकशी अधिकाऱ्याने पहिली चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली आणि शांतपणे विचारले, ‘‘यात आकडेमोडीची चूक कुठे आहे, ती बोट ठेवून दाखवा.’’

भावाने चिठ्ठीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

‘‘वजाबाकी बरोबर आहे,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणजे तुमचं लेखी उत्तर खोटं?’’

मी उठून पद्धतीतला फरक सांगू लागलो. ‘‘तो खुलासा उत्तरात का नाही?’’ असे मला विचारण्यात आले. तो घरी कपाटात, लाल रेघेखाली होता. लेखी उत्तरात खोटे बोलणाऱ्याची पोच नसलेली कार्बन प्रत कोण मानणार? ती नंतर रचलेली ठरली, आणि चूक स्वतःच कबूल केल्यामुळे पहिल्या चिठ्ठीखालच्या सावधगिरीच्या ओळीलाही किंमत उरली नाही. भाऊ बडतर्फ झाला. हुद्दा अधिकाऱ्याचा म्हणून कामगार न्यायालयाचे दारही बंद होते. मी व्यवस्थापनाला सहा पत्रे लिहिली आणि निरीक्षकांना चार. प्रत्येक उत्तरात माझेच वाक्य अवतरणात परत आले.

पुढे त्याने उल्हासनगरला एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत बारावीच्या शिकवण्या घेतल्या. नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी मी त्याला घ्यायला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. फळ्यावर तेच दोन हिशेब होते. एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग गलत कौनसा है?’’

‘‘कोई नहीं,’’ तो म्हणाला. ‘‘पहिला अंदाज आहे. त्याच्यापुढे अंदाज असं लिहायचं, आणि लिहिलेलं कुणाला खोडू द्यायचं नाही.’’ त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

परतताना तो म्हणाला, ‘‘तो ऑपरेटर परवा भेटला. डाव्या हाताने नमस्कार करतो आता. म्हणाला, साहेब, तुमची चूक झाली असं तुम्हीच लिहून दिलंत ना.’’

‘‘तू काय म्हणालास?’’

‘‘हो म्हणालो. सही माझीच आहे.’’ स्टेशनचा जिना चढताना तो म्हणाला, ‘‘तू टिचकी मारून विचारलंस तेव्हाच मी अडून बसायला हवं होतं. माझंच चुकलं.’’

दोन वर्षांनी तो काविळीने गेला. दहावा झाल्यावर मी ऑपरेटरचे घर शोधत हेंद्रेपाड्यात गेलो. खर्डा बरोबर नेला होता. रेघेखालचा परिच्छेद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला, आणि रेघ कोणाची तेही सांगितले.

‘‘हे तेव्हा चौकशीत का नाही वाचलंत, दादा?’’ त्याने विचारले.