अठराव्या दिवसाचं पेट्रोल

कोलाडजवळ आमचं छोटं अंडी उबवण्याचं मशीन आहे. त्यात तीनशे अंडी, आणि उबवणीच्या अठराव्या दिवशी, पिल्लं निघायला तीन दिवस उरले असताना, सकाळी वीज गेली. वादळात दोन खांब आडवे झाले होते. वायरमन म्हणाला, "संध्याकाळ धरा," म्हणजे आमच्याकडे उद्या धरायचं.

मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कंपनीतून रिटायर झालेले. त्यामुळे जगातली सगळी यंत्रं त्यांनाच कळतात. त्यांनी पेट्रोलचा जनरेटर ओढून आणला आणि ऐटीत निळा कॅन उघडला.

"भाऊजी, हे कधीचं?"

"दिवाळीतलं. पेट्रोल काय दूध हाय नासायला?"

मी वास घेतला. पेट्रोलचा नव्हे, जुन्या वार्निशचा येत होता. दिवाळी ते जून, म्हणजे सात महिने, तेही अर्धा रिकामा, सैल झाकणाचा कॅन पत्र्याखाली तापलेला. त्यात हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि हवा आमची कोकणातली. माझं ऐकतो कोण? भाऊजींनी ओतलं, चोक लावला आणि दोरी ओढली. वीस वेळा. मशीन खोकलं, भाऊजी त्याहून जास्त खोकले.

"टूटी ऑईल घालू जरा टाकीत," ते म्हणाले.

"ते दोन स्ट्रोकच्या गाडीचं. याला वेगळं ऑईल असतं, तेही इंजिनात, टाकीत नाय!"

सासूबाई अंड्यांच्या मशीनला गोधड्या गुंडाळून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावत होत्या. आतूनच ओरडल्या, "पुस्तक वाच गो! ह्याला काय कळतंय!"

मी जनरेटरची पुस्तिका वाचली. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरची वाटी खोलली. तळाशी गुळाच्या पाकासारखा चिकटा, आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक बंद. कार्ब्युरेटर क्लीनर मारून तारेने हलकेच साफ केलं. जनरेटर सपाट जमिनीवर ठेवून ऑईलची पट्टी पाहिली. काळंकुट्ट. ते काढून दहा-डब्ल्यू-तीसचं फोर स्ट्रोक ऑईल खुणेपर्यंत भरलं. मग पत्र्याचा डबा घेऊन हायवेच्या पंपावरून ताजं पेट्रोल आणलं.

तिसऱ्या ओढीला सुरू.

आता पाऊस म्हणून भाऊजींना जनरेटर पडवीत हवा होता. "धूर घरात शिरला तर कळायच्या आत मरायला होतं," म्हणून मी तो खिडक्यांपासून लांब, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या छपराखाली ठेवला. भाऊजी दिवसभर रुसून त्याच्याशेजारी छत्री धरून बसले. तेवढं मात्र खरं, पेट्रोल भरायची वेळ आली की आधी बंद करून थंड होऊ देत होते.

वीज आली ती दुसऱ्या दिवशीच, आणि एकविसाव्या दिवशी दोनशेच्यावर पिल्लं निघाली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गोधड्यांनी." भाऊजी म्हणाले, "जनरेटर माझा." माझ्या ओंजळीत ओलं पिल्लू चिवचिवत होतं.

आता दर महिन्याला कॅनमधलं पेट्रोल जुनं व्हायच्या आत मी स्कूटरमध्ये संपवते आणि नवं भरते. जनरेटर ठेवताना पेट्रोलचा नळ बंद करून वाटी सुकेपर्यंत चालवते. भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मीच शिकवलंय तिला."