राहिलेला दुसरा डोस

माझी पत्नी मंगळवारी सकाळी गेली. घरात मी होतो आणि तिने असोद्याहून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू होतं.

पिल्लाचं सगळं तीच करायची. दर पंधरा दिवसांनी त्याचं वजन करून, त्या वजनापुरतंच जंताचं औषध पाजायची. पहिली लस पंचेचाळिसाव्या दिवशी दिली होती. दुसरी एकवीस दिवसांनी, म्हणजे नेमकी सुतकाच्या पाचव्या दिवशी येत होती. मी दोंडाईचाहून आलेल्या थोरल्या चुलतभावाला विचारलं.

"नाना, दवाखान्यात जाऊन येऊ का?"

"सुतक शे, भाऊ. तेरावं व्हऊ दे. सुई काय पळी जाई का?"

मलाही उठायचं नव्हतं. मी हो म्हटलं.

दारावर येणाऱ्यांची रीघ होती. गावोगावची माणसं ओट्यावर चपला काढत. पिल्लू तिथेच बांधलेलं असायचं. चपला हुंगायचं, चावायचं. कुणी हटकलं नाही. मीही नाही.

नवव्या दिवशी त्याने दूध सोडलं. दहाव्याच्या पहाटे उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. दशक्रियेला निघायची वेळ झाली होती. मी पिल्लाला तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

"आज? आजना दिन तरी!" नाना म्हणाले.

"हे गेलं तर तिला काय सांगू, नाना?"

 मग नाना रिक्षा थांबवायला स्वतःच रस्त्यावर गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पार्व्हो आहे, पिल्लांना होणारा आतड्यांचा विषाणूजन्य रोग. "आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण पहिल्या लसीच्या आड येतं आणि नंतर ओसरतं. म्हणून पुढचे डोस लागतात. हा विषाणू चपलांच्या मातीतूनही येतो."

"पाचव्या दिवशी आणलं असतं तर?"

"वाचण्याची शक्यता वाढली असती. खात्री मी देणार नाही."

या रोगावर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायची आणि प्रतिजैविकांची इंजेक्शनं देऊन वाट बघायची. पिल्लाला तिथेच ठेवून घाटावर मी उशिरा पोचलो. विधी झाले, माझं लक्ष नव्हतं. पुढचे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात गेलो. तेराव्याला जेवणावळ चालू असताना फोन आला, पिल्लाने पाणी पिऊन पोटात ठेवलं.

ओटा ब्लीचने धुतला. अंगणातल्या मातीचं काही करता येत नाही, विषाणू तिथे वर्षभरही टिकतो, असं बाई म्हणाल्या. पार्व्हो होऊन गेला तरी बाकीच्या रोगांसाठी डोस द्यायचेच होते. पूर्ण बरं झाल्यावर, वयाचे बारा आठवडे उलटल्यानंतर राहिलेला डोस आणि रेबीजची लस दिली. सोळाव्या आठवड्यात शेवटचा डोस झाला. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दरमहा दिलं, आता दर तीन महिन्यांनी देतो. वजन करताना ते वळवळतं. तिच्या हातात कधी वळवळलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात वर्षाचे बूस्टर झाले. कुत्रं धडधाकट आहे. घरात आम्ही दोघे आहोत.