मेस्त्री सरांचा बटर पेपर

सुधाकर मेस्त्री सर आमच्या वसईच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे. माणूस मूळचा देवगडकडचा. नालासोपाऱ्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात बायको मीरा, आणि त्यात इतकी टापटीप की पाहुण्याला चप्पल काढायची भीती वाटावी. मीरावहिनी एकदा मला म्हणाल्या, "अहो, भाजीवाल्यानं टोमॅटो महाग दिले तर हे भांडत नाहीत. पुरवठा वक्र डावीकडे सरकला असं मला सांगतात आणि पैसे देऊन येतात. भांडायला मग मी जाते."

मी तेव्हा नवीन लागले होते, साल अठ्ठ्याण्णव. वर्गात मुलं मला हेमांगी मॅडम म्हणायची आणि मेस्त्री सरही मला मॅडमच म्हणायचे, पण अशा आवाजात, की जणू पट्टी विसरून आलेल्या मुलीशी बोलताहेत. सरांचा सगळा जीव आकृतीत. आडव्या अक्षाखाली 'नगसंख्या' लिहिलं नाही, अर्धा गुण गेला. सरकलेल्या रेषेला बाण नाही, अर्धा गुण गेला. आरंभबिंदूला 'अ' नाही, तर गुण जायचा नाही पण सर दिवसभर उदास दिसायचे. यातलं काही चूक नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाव नसलेली रेषा म्हणजे नुसती रेघोटी, हे त्यांचं म्हणणं मी आजही वर्गात सांगते.

मला राग यायचा तो त्यांच्या बटर पेपरचा.

सरांचा मेहुणा एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. त्याच्याकडून आणलेल्या पारदर्शक कागदावर सर प्रत्येक प्रश्नाची आदर्श आकृती काढून ठेवत. मागणी आणि पुरवठा, दोन्ही रेषा पंचेचाळीस अंशांत, पट्टीने. (नाव 'वक्र', काढायची सरळ रेषा, या शास्त्राचं सगळंच असं.) पेपर तपासताना तो कागद मुलाच्या आकृतीवर ठेवायचा. रेषा रेषेवर बसली की पूर्ण गुण. बसली नाही की एक गुण, तो शाई खर्च केल्याबद्दल. मुलंही हुशार. सर वर्गात फळ्यावर जे माप घालून देत, तेच माप ती वहीत, आणि वहीतून थेट डोक्यात उतरवून घेत. अख्ख्या वर्गाची आकृती एका छापाची. सर ते गठ्ठे स्टाफरूममध्ये उघडून दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात आकलन."

त्या वर्षी अकरावीच्या वार्षिक परीक्षेत सरांनी प्रश्न काढला होता: गणपतीत केळ्यांची मागणी वाढली आणि त्याच सुमारास वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, समतोल किंमत आणि समतोल नगसंख्या यांवर काय परिणाम होईल ते आकृतीसह स्पष्ट करा. सहा गुण. तीन आकृतीला, तीन स्पष्टीकरणाला.

आमच्याकडे रीत अशी, की थोडक्यात नापास झालेला पेपर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा बघायचा. असा एक पेपर माझ्याकडे आला. गास गावची शकू. बाकी सगळ्या विषयांत पास, अर्थशास्त्रात एकतीस. पासाला पस्तीस लागतात. ही मुलगी मला माहीत होती. घरी शेती, वडील शांत माणूस, पण काकाने नालासोपारा स्टेशनजवळ एस.टी.डी. बूथ टाकला होता आणि तिथे बसायला त्याला माणूस हवा होता. नापास झाली तर शकू बूथवर, हे घरात ठरलेलं. ती स्वतःच मला सांगून गेली होती, बसची वेळ सांगावी तितक्या सहज.

मी केळ्यांचं उत्तर काढलं. सहापैकी एक.

आकृती हाताने काढलेली, जरा तिरकी, पण बरोबर. मागणीची नवी रेषा थोडी उजवीकडे. पुरवठ्याची नवी रेषा चांगलीच डावीकडे. दोघी जिथे छेदतात तिथून अक्षांवर तुटक रेषा सोडलेल्या. किंमत वर गेली, नग मागे आले. आडव्या अक्षाला नाव नाही, बाणही विसरलेला. खाली लिहिलं होतं: "किंमत नक्की वाढेल, कारण दोन्ही बदल तिला वरच ढकलतात. नग कमी होतील, कारण मी वादळ मोठं धरलं आहे. सण मोठा आणि वादळ लहान असेल तर नग वाढतील." शेजारी लाल शाईत सरांचा शेरा: "आकृती जुळत नाही. नगसंख्या तीच राहते."

मी कपाटातून सरांचा गठ्ठा घेतला आणि त्यातला परेश नावाच्या मुलाचा पेपर काढला. सहापैकी सहा. आकृती छापल्यासारखी, मागणी उजवीकडे सरकलेली. आणि खाली परेश लिहितो: "किंमत वाढल्यामुळे मागणी कमी झाली म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला." म्हणजे स्वतःच्याच चित्राच्या विरुद्ध. शिवाय वस्तूची स्वतःची किंमत वाढली की माणूस त्याच रेषेवरून वर चढतो, अख्खी रेषा सरकत नाही, हे सर पहिल्याच महिन्यात घसा फोडून शिकवतात. पण परेशचं स्पष्टीकरण सरांनी वाचलंच नव्हतं. वाचायचं कशाला, रेषा बसली होती ना!

माझं डोकं फिरलं. दोन्ही पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर चहात पार्ले बुडवत होते, समोर आमचे विभागप्रमुख फर्डिनंड सर. फर्डिनंड सर वटार गावचे, घरची केळीची बाग, आवाज कधी चढत नाही.

"सर, शकूचं उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं.

"नाही, मॅडम." मेस्त्री सरांनी खणातून बटर पेपर काढून तिच्या आकृतीवर ठेवला. "पाहा. कुठे आहे बरोबर?"

"तुमच्या कागदावर दोन्ही रेषा एकेक सेंटिमीटर सरकवल्यात. म्हणून नग तेवढेच आलेत. वादळ किती सेंटिमीटरचं, हे प्रश्नात कुठे दिलंय?"

"आदर्श उत्तर ठरलेलं असतं. नाहीतर उद्या प्रत्येक जण आपलं वादळ घेऊन येईल! ही आकृती मी झोपेतसुद्धा काढीन."

"काढा ना," फर्डिनंड सर शांतपणे म्हणाले आणि त्यांच्यापुढे एक कोरा कागद सरकवला. "पट्टी नको. परीक्षेत बसल्यासारखी काढा."

सरांनी पेन उघडलं. मोठ्या डौलात अक्ष काढले, नावं दिली, आरंभबिंदूला 'अ' दिला. मागणी म म, पुरवठा पु पु, छेदबिंदू. मग नवी मागणी झोकात उजवीकडे, बाणासकट. पुरवठ्याला हात जरा आखडला, ती रेषा थोडीच डावीकडे गेली. नव्या छेदबिंदूतून त्यांनी तुटक रेषा खाली सोडली. ती आडव्या अक्षाला जुन्या बिंदूच्या चांगलीच उजवीकडे टेकली.

नग वाढले होते.

"हात हलला," सर म्हणाले आणि दुसरी काढली. या वेळी पुरवठा जास्त सरकला आणि नग शकूसारखे मागे आले. तिसरी काढली. तिच्यातही नग जागेवर राहीनात. तिन्ही वेळा किंमत मात्र वरच.

फर्डिनंड सरांनी बटर पेपर उचलला, पहिल्या आकृतीवर ठेवला, नीट सारखा केला. मग लाल पेन मेस्त्री सरांकडे धरलं. "किती देऊ या यांना?"

मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. वळून पाहिलं तर सरांचे कान लाल झाले होते. चहात पार्ले विरघळला होता आणि ते त्याच्याकडे बघत बसले होते. मग ते हळूच म्हणाले, "एक." आणि थोड्या वेळाने, "किंमत नक्की वाढते. नगांचं नक्की सांगता येत नाही. कोण किती सरकलं यावर आहे. हे मला माहीत होतं, हो. बी.ए.ला शिकलो होतो."

मला त्या क्षणी त्यांची दया आली, हे कबूल करायला हरकत नाही. राग पुरता ओसरला नव्हता, पण दया आली.

सरांनी शकूचा पेपर ओढून घेतला आणि पहिल्यापासून तपासायला घेतलं. स्पष्टीकरण दोनदा वाचलं. तीनपैकी तीन. आकृतीत दिशा बरोबर, नवा समतोल बरोबर. मग पेन अडलं. अक्षाला नाव नाही, अर्धा. बाण नाही, अर्धा. आकृतीला दोन. मी मनात बेरीज करत होते, कारण आणखी अर्धा जरी कापला असता तरी गणित बिघडत होतं. एकूण पाच. एकाचे पाच झाले, एकतीसचे पस्तीस.

"एखादा गुण उदारपणे दिलात का, सर?" मी विचारलं.

सर असे खवळले की मला बरं वाटलं. "उदारपणे? अक्षाला नाव नाही तिच्या! मी एक कापलाय, तोच योग्य आहे."

मग त्यांनी सगळा गठ्ठा पिशवीत भरून घरी नेला आणि प्रत्येकाचं केळ्यांचं उत्तर नव्याने तपासलं, या वेळी वाचून. कुणाचे किती कमी झाले ते सांगत नाही. परेशचे सहाचे तीन झाले आणि त्याचे वडील भांडायला आले, एवढं सांगते. सरांनी त्यांना मुलाची आकृती दाखवली, मग मुलाचं वाक्य वाचून दाखवलं. वडील वाणसामानाचं दुकान चालवायचे. "किंमत वाढली म्हणून गिऱ्हाईक कमी झालं, ते ठीक आहे. पण मग चित्रात वाढलंय कसं?" असं त्यांनी मुलालाच विचारलं आणि त्याला घेऊन गेले.

निकालाच्या दिवशी शकू स्टाफरूमच्या दाराशी आली. मी खुणेनं आत बोलावलं. सर पेपर हातात घेऊन तयारच बसले होते.

"पास झालीस," ते म्हणाले. "उत्तर चांगलं लिहिलंयस. अक्षाला नाव द्यायचं, बाण काढायचा. त्याचा एक गुण गेला. समजलं?"

"हो, सर." ती जाईना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "सर, एक सांगू? रागावू नका. मी तुमची आकृती पाठ केली होती. पन पेपरात आठवलीच नाही. काय करू सुचेना, म्हणून मनानं विचार करून काढली."

सरांनी चष्मा काढला.

"चूक झाली, सर," शकू म्हणाली. "बारावीला नीट पाठ करीन."