चार नंबर चालवू नये

साकीनाक्याच्या मागच्या इस्टेटमध्ये आमचा कारखाना होता. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवायचा. पाच मोल्डिंग मशिनं, एक स्क्रॅप दळायचं मशीन आणि कोपऱ्यात टेबलावर शिफ्टचं रजिस्टर. दिवसपाळीची सुपरवायझर मी. रात्रपाळीला एक मालवणी गृहस्थ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे.

सकाळी आठला मी घाटकोपरहून पोचायचे तेव्हा काका टेबलाशी उभे असायचे. रात्री कुठलं मशीन का थांबलं, किती माल निघाला, मेन्टेनन्सला काय सांगायचं, हे सगळं ते रजिस्टरमध्ये लिहायचे आणि शिवाय तोंडी सांगायचे. मग आम्ही दोघं प्रत्येक मशीनपाशी जायचो आणि मी खाली सही करायचे.

त्या पावसाळ्यानंतर हे बदललं. काका मी येण्याआधी सटकायला लागले. रजिस्टरमध्ये पाचही मशिनांपुढे नुसतं "ठीक". आणि चार नंबरचा आकडा रोज माझ्यापेक्षा जास्त. तेच मशीन, तोच मोल्ड म्हणजे झाकणाचा साचा, आणि रात्री माल जास्त. मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून विचारायचे की दिवसा तुमच्या मुली करतात काय.

मला वाटलं, काका आकडा फुगवतात. एका सकाळी मी क्रेट उतरवून घेतले आणि झाकणं मोजली. आकडा बरोबर होता. त्याने माझं समाधान झालं नाही, उलट संशय वाढला. माणूस खरं लिहितोय आणि तरी तोंड चुकवतोय, म्हणजे काय? रात्रीच्या ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, "काकांना विचारा ना मॅडम." सगळे एकमेकांकडे बघून गप्प व्हायचे. मी कामगार वस्तीत वाढलेय. माणसं कधी थकून गप्प असतात आणि कधी ठरवून, ते मला कळतं.

मग एका शनिवारी रजिस्टरमध्ये एक ओळ जास्त होती. चार नंबरपुढे "ठीक" लिहून खोडलं होतं आणि खाली होतं: "४ नं. मी येईपर्यंत चालवू नये."

कारण नाही. मेन्टेनन्सचा उल्लेख नाही. मला पहिला विचार काय आला, ते आज सांगताना लाज वाटते. सोमवारी मोठी ऑर्डर जायची होती. मला वाटलं, दिवसाचा माल कमी पडावा आणि रात्रीचा पुन्हा जास्त दिसावा, म्हणून ही युक्ती. तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाले, म्हाताऱ्याला झोप आली असेल, चालू करा.

त्यांनी ओळ फार पटकन वाचली, हे माझ्या लक्षात राहिलं. आधीच माहीत असलेली गोष्ट माणूस तशी वाचतो.

मी ऑपरेटर बाईला लांब उभं केलं. आमच्याकडे पाळी सुरू करताना दाराची चाचणी घ्यायची पद्धत आहे. मशीनचं पुढचं दार उघडं असताना मोल्ड बंद व्हायचं बटण दाबायचं. दाराच्या स्विचमुळे मोल्ड हलता कामा नये. रोज "ठीक" वाचून ही चाचणी मी बरेच दिवस सोडूनच दिली होती, हेही खरं. त्या दिवशी दार सताड उघडून बटण दाबलं. मोल्ड सरकत गेला आणि धप्पकन बंद झाला.

मशीन बंद केलं, मेन स्विच काढला, वाकून पाहिलं. दाराच्या स्विचचं, दार लागलं की दाबलं जाणारं छोटं चाक काळ्या टेपने दाबून बांधलेलं होतं. म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटणार. दार उघडं ठेवून ऑटोवर चालवलं, की प्रत्येक झाकणामागे थोडे सेकंद वाचतात. झाकण मोल्डला चिकटलं की आत हात घालून काढायचं, मशीन पुन्हा मिटायच्या आत. रात्रीचा वाढलेला माल असा निघत होता.

टॉर्च मारला तर मोल्डच्या कडेला हातमोज्याचं एक बोट चिकटलेलं दिसलं. पापडासारखं चपटं. मला ते चिमटीत धरवेना. शेवटी धरलं. आत काही नव्हतं, रक्तही नव्हतं. तरी मी बराच वेळ खाली स्क्रॅपच्या पिशवीत शोधत राहिले.

काकांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि काही विचारायच्या आत म्हणाले, "चालवलंस काय गो?"

"नाही. बोट कोणाचं काका?"

"बोट वाचला. मोजो गेलो." मग त्यांनी सांगितलं. स्विच तीन आठवड्यांपूर्वी तुटला होता. नवा मागितला, तर मॅनेजर म्हणाले, मागवलाय, तोवर बांधून चालव, रजिस्टरमध्ये लिहू नकोस. काकांनी बांधला, तोही फक्त रात्री. सकाळी मी यायच्या आत टेप काढून दाराला जाड तार लावायचे, म्हणजे दिवसा दार लावलं की तुटका स्विच कसाबसा दाबला जायचा. त्या पहाटे ऑपरेटरचा हातमोजा मोल्डमध्ये सापडला. हात त्याने ओढून घेतला, पण त्यानंतर काकांना टेपला हात लावायचं धाडस होईना. आणि खरं लिहायचंही होईना. रिटायर व्हायला दोन वर्षं होती.

"मग अर्धं का लिहिलंत?"

"तू चालवशील म्हणून," ते म्हणाले.

मी ठरवलं ते रागात ठरवलं की विचार करून, मला अजून सांगता येत नाही. चाचणीत काय दिसलं, टेप कुठे होता, हातमोजा कुठे सापडला, हे सगळं मी त्यांच्या ओळीखाली लिहिलं. मॅनेजरांनी काय सांगितलं ते लिहिलं नाही, कारण ते मी ऐकलं नव्हतं. त्या जागी चार ओळी कोऱ्या सोडल्या. रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मॅनेजरांना सांगितलं की चार नंबर चालणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुला कोणी शिकवलं हे?" मी म्हटलं, रजिस्टर आहे सर, लिहायलाच असतं.

संध्याकाळी काका तासभर आधी आले. डोळे लाल होते, झोपले नसावेत. मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी माझं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग उभ्यानेच त्या चार ओळींत सगळं लिहिलं, कोणी सांगितलं तेही, आणि सही केली.

सोमवारी मालक स्वतः आले. मंगळवारी नवा स्विच बसला. एवढे दिवस जो मिळत नव्हता, तो अंधेरीतल्याच दुकानातून आला. काकांना लेखी ताकीद मिळाली आणि स्टोअरमध्ये बसवलं. मॅनेजर दोन महिन्यांनी दुसरीकडे गेले. ते स्वतः गेले की घालवले, आम्हाला कळलं नाही. रात्रपाळीचे लोक मात्र कितीतरी दिवस माझ्यासमोर बोलणं थांबवायचे. त्यांच्या दृष्टीने काकांना मी अडकवलं होतं.

काका स्टोअरच्या खिडकीतून मला माल द्यायचे, पावतीवर सही घ्यायचे. एकदा मी विचारलं, ती ओळ माझ्यासाठी लिहिली होती की स्वतःला वाचवायला. त्यांनी पावती फाडून दिली आणि म्हणाले, "दोन्हीसाठी गो. तेव्हा वेगळा काय दिसत नव्हता."

मला ते खरं वाटलं. तरीही त्यांनी दिलेले खोके मी तिथेच उघडून मोजून घेतले.