एन बाय लॉग एन

सरांनी मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला अल्गोरिदम शिकवलं. पुढे मी त्याच कॉलेजात नोकरीला लागले आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारचं टेबल मला मिळालं. सर खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलेले, वडील पॉवर स्टेशनमध्ये कामाला. आवाज खणखणीत, पण वर्गात तो चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मास्टर थिअरम, म्हणजे अल्गोरिदमला किती वेळ लागेल ते झटकन काढायचं सूत्र, शिकवताना ते एकच गोष्ट परत परत सांगायचे, "लावायच्या आधी पाहा, लागते का."

एप्रिलमधल्या एका दुपारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हुशार, पण बोलायला बुजणारी. कूलरचा एवढा आवाज होता की ती काय म्हणते ते आधी कळेना.

"मॅडम, सरांले सांगू नका. सर चुकीचं शिकवून राहिले."

तिनं मोबाइलवर फळ्याचा फोटो दाखवला. तीन गणितं होती. पहिली दोन पाहून मी मान डोलावली. तिसऱ्यापाशी थांबले. फोटो मोठा करून पाहिला. अक्षर सरांचंच होतं.

"घाईत झालं असेल," मी म्हटलं.

"मंगळवारी पण असंच सांगितलं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, तुमच्या तासाला मागे बसू का? पुढं हा विषय मला घ्यावा लागेल." ते खूश झाले. "बस ना वं! विचारतेस काय?"

मी शेवटच्या बाकावर बसले. सरांनी फोटोतलंच पहिलं गणित पुन्हा मांडलं: टी ऑफ एन, म्हणजे एन आकाराच्या कामाला लागणारा वेळ, बरोबर दोन टी एन बाय टू अधिक एन. मोठं काम निम्म्या आकाराच्या दोन तुकड्यांत वाटायचं आणि तुकडे जोडायला एन इतका वेळ लावायचा. यादी क्रमानं लावायच्या मर्ज सॉर्टचं हेच. "आता तुलना करा," सर म्हणाले. "एकीकडं अगदी तळाच्या तुकड्यांचं काम. दोनाचा लॉग, पाया दोन, म्हणजे एक. म्हणून एनचा पहिला घात, एन. दुसरीकडं जोडायचं काम, तेही एन. दोघं बरोबरीत. मग लॉग एननं गुणा. उत्तर एन लॉग एन."

दुसरं: आठ टी एन बाय टू अधिक एनचा वर्ग. आठाचा लॉग, पाया दोन, तीन. तळाचं काम एनचा घन, जोडायचं नुसता वर्ग. एका पूर्ण घातानं कमी. तळ जिंकला, उत्तर एनचा घन. सर हातात कागद न घेता बोलत होते. मला वाटलं, उगीच आले मी.

मग त्यांनी तिसरं लिहिलं. दोन टी एन बाय टू अधिक एन बाय लॉग एन.

"तळाचं काम एन. जोडायचं काम एन भागिले लॉग एन. एनपेक्षा कमी. तळ जिंकला. उत्तर एन."

ती मुलगी उठून उभी राहिली. बाकाची कड तिनं घट्ट धरली होती.

"सर, ते कमी आहे, पण नुसतं लॉगनं. एनच्या घातानं कमी नाही. मग इथं थिअरम लागतच नाही ना?"

याच प्रश्नाची वाट पाहत सर आम्हाला शिकवायचे. कमी असून भागत नाही, एनच्या घाताएवढं अंतर पाहिजे, भले तो घात शून्य पूर्णांक एक दशांश का असेना. आणि लॉग एन हा एनच्या कुठल्याही घातापेक्षा हळू वाढतो, त्यामुळे तेवढं अंतर पडतच नाही. आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला की ते खडू टेबलावर ठेवून मनापासून हसायचे.

"कमी आहे का नाही?" सर म्हणाले.

"आहे, पण सर..."

"मग काहून बोलून राहिली? कमी आहे म्हणजे कमी आहे! तुले शिकवाले आलो का तुझ्याकडून शिकाले?"

त्यांनी डस्टर भिंतीवर आपटला. मग फळ्याकडं वळून तेच गणित पुन्हा लिहिलं, पुन्हा उत्तर एन काढलं, त्याखाली रेघ मारली. मग परत लिहिलं. चौथ्यांदा लिहायला लागले तेव्हा मी पुढं जाऊन म्हटलं, "सर, तास संपला." संपला नव्हता. ते निमूटपणे माझ्याबरोबर बाहेर आले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मले वाटे टेन्शन आहे," त्या म्हणाल्या. "गांधीबागेत कापड घ्याले गेलो, तर दुकानदाराच्या अंगावर धावून गेले. कारण काहीच नाही. मीच म्हटलं, उन्हाचं डोकं फिरलं असन."

धंतोलीतल्या डॉक्टरांकडं मी त्यांच्यासोबत होते. तपासण्या झाल्या. मेंदूचा पुढचा भाग झिजत चालला होता. औषधानं थांबत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षं घोटलेलं बरेच दिवस टिकेल; थांबणं, तपासणं, स्वतःला आवरणं आधी जातं. सर पन्नाशीत होते. बाहेर पडल्यावर काकूंनी विचारलं, "पण मग पहिली दोन गणितं बरोबर कशी आली?" मी म्हटलं, "ती रोजच्या वाटेवरची होती." त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही.

सरांचे तास माझ्याकडं आले. तिसरं गणित मी झाडाची आकृती काढून सोडवलं. वरच्या पातळीचं काम एन भागिले लॉग एन, खालच्या पातळीचं एन भागिले लॉग एन उणे एक, असा छेद एकेकानं घटत एकापर्यंत येतो. बाहेर एन, आत एक, अर्धा, एक तृतीयांश अशी बेरीज, ती जवळपास लॉग लॉग एन होते. म्हणून उत्तर एन लॉग लॉग एन. एनपेक्षा थोडंसंच जास्त. वर्गानं उतरवून घेतलं. ती मुलगी लिहीत नव्हती.

तासानंतर ती जिन्यात रडत होती. "मी उभी राहिले नसते तर सर अजून शिकवत असते, मॅडम."

"अजून चुकीचं शिकवत असते," मी म्हटलं. पुढं तिनं तो विषय पहिल्या नंबरानं काढला. निकालाच्या दिवशी पेढे मात्र आणले नाहीत.

मी अधूनमधून सरांकडं जाते. पहिलं वर्षभर ते मला ओळखायचे, कॉलेजचं विचारायचे. मग नुसतं पाहायचे. यंदा उन्हाळ्यात ते दुपारी घरातून निघाले आणि खापरखेड्याच्या रस्त्यानं अनवाणी चालत सुटले. एका ट्रकवाल्यानं त्यांना सावलीत बसवून ठेवलं, खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. तळपाय भाजून निघाले होते. तेव्हापासून फाटकाला आतून कुलूप असतं.

परवा गेले तेव्हा सर व्हरांड्यात बसून बनियनचा काठ बोटांनी कुस्करत होते. मी समोर बसले, त्यांनी वर पाहिलं नाही. काकूंनी चहा दिला, त्यांच्या मुलीनं वडिलांसाठी मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडली म्हणून सांगितलं. आता दोघी पाळीपाळीनं झोपतात. निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. कुलूप काढून त्यांनी मला बाहेर सोडलं.

"पुढच्या वेळी फोन करून ये वं," त्या म्हणाल्या. "कधी कधी आम्ही फाटक वाजलं तरी उघडत नाही."

आणि आतून परत कुलूप लावलं.